मुंबईतल्या इमारतीचं वय रस्त्यावरून कसं ओळखावं

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहून आधी पूर्वेकडे बघा. उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर, विद्यापीठ. दगडी भिंती, टोकदार कमानी, उतरती छपरं. न्यायालयाची इमारत आणि राजाबाई टॉवर दोन्ही १८७८ साली पूर्ण झाले. आता पाठ वळवून पश्चिमेकडे बघा. एम्प्रेस कोर्ट, राजजब महाल, शिव शांती भुवन अशा नावांची निवासी इमारतींची रांग दिसते. गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्या, आडवे पट्टे, फिकट रंग, सपाट गच्च्या. या इमारती १९३० च्या दशकातल्या, आर्ट डेको शैलीच्या. दोन रांगांमध्ये क्रिकेट खेळता येईल एवढंच अंतर, पण काळाचं अंतर अर्ध्या शतकाहून जास्त. २०१८ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला तो या दोन रांगा समोरासमोर असल्यामुळेच.

नवखा माणूस दोन्हीकडची नक्षी बघतो आणि नक्षीवरून अंदाज बांधायला लागतो. इथेच घोळ होतो. नक्षीची नक्कल कुणीही कधीही करू शकतो. आजचे बिल्डरही गोल बाल्कन्या आणि आडवे पट्टे देतात. नक्कल करायला अवघड असतात त्या दोन गोष्टी. इमारतीचा भार कशावर पडतो, आणि ती बांधताना कोणता नियम लागू होता. म्हणून या दोन गोष्टी आधी बघायच्या आणि नक्षी शेवटी.

निघण्याआधी

सोबत झूम होणारा कॅमेरा असलेला फोन, छोटी वही आणि शक्य असेल तर जुनी दुर्बीण ठेवा. टेपची गरज नाही, स्वतःची वीत पुरते. साधारण माणसाची वीत नऊ इंचांच्या आसपास भरते आणि नऊ इंच हे विटांच्या भिंतीचं नेहमीचं माप आहे, त्यामुळे पुढे ती फार उपयोगी पडते. घरी एकदा पट्टीवर स्वतःची वीत मोजून घ्या.

वेळ दिशेप्रमाणे निवडा. ओव्हलच्या पश्चिम रांगेचा दर्शनी भाग पूर्वेकडे आहे, म्हणून तिथे सकाळी जा. मरीन ड्राइव्हच्या इमारती समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. त्यांच्यासाठी दुपारी चारनंतरची वेळ बरी. तिरपं ऊन पडलं की गिलाव्यातल्या बारीक खाचा, पुसट झालेली अक्षरं आणि नंतर केलेल्या दुरुस्तीचे सांधे उठून दिसतात. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. पावसाळ्यात अर्ध्या इमारती निळ्या प्लास्टिकखाली असतात, तेव्हा ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पायरी पहिली: इमारत प्लॉटमध्ये कुठे बसली आहे

रस्त्याच्या पलीकडे जा आणि वर न बघता आधी जमिनीकडे बघा.

ब्रिटिशकाळातला बंगला आवाराच्या मधोमध असतो. चारही बाजूंनी मोकळी जागा, दोन-चार फूट उंच जोतं, पुढे व्हरांडा, त्याच्याही पुढे घोडागाडी थांबण्यासाठी पोर्च, आणि मागे बऱ्याच अंतरावर स्वयंपाकघर आणि नोकरांची आउटहाउसेस. चुलीचा धूर आणि आगीची भीती घरापासून लांब ठेवायची होती, म्हणून ही रचना. मुंबईत असे बंगले आता मोजके उरलेत, पण त्यांच्या खुणा उरल्या आहेत. मलबार हिल किंवा पाली हिलला एखाद्या उंच टॉवरच्या फाटकाला दगडी खांब दिसतात, आत टॉवरपेक्षा कितीतरी जुनी झाडं दिसतात आणि टॉवरचं नाव 'अमुक व्हिला' असतं. तिथे आधी बंगला होता असं धरून चालायला हरकत नाही. इमारत गेली तरी प्लॉटचा आकार आणि फाटकाची जागा सहसा बदलत नाही.

गिरगावातली खोताची वाडी किंवा माझगावची म्हातारपाखाडी पाहून मात्र 'कलोनियल बंगले' असं लिहून टाकू नका. तिथली घरं लहान प्लॉटवर, जवळजवळ गल्लीला चिकटून उभी आहेत, लाकडी सज्जे आणि बाहेरून चढणारा जिना असलेली. ती इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीची घरं. साहेबाच्या बंगल्याभोवती जसं आवार असतं तसं इथे नाही, आणि हीच ओळखायची खूण.

दादर-माटुंग्याच्या आर्ट डेको इमारती यापेक्षा वेगळ्या बसतात. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत रस्ते आखून प्लॉट पाडले, आणि हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हा सगळा परिसर त्यातून उभा राहिला. इथे रस्त्यापासून किती मागे बांधायचं हे ठरलेलं असल्यामुळे सगळ्या इमारतींच्या दर्शनी भिंती एका ओळीत येतात. उंचीही साधारण सारखी, तळमजला आणि वर दोन किंवा तीन मजले. एखाद्या गल्लीत सगळ्या इमारती दोरी धरून बांधल्यासारख्या दिसल्या, तर आधी आखणी झाली आणि मग बांधकाम झालं असं समजा. गिरगाव-काळबादेवीत हे दिसत नाही, तिथे घरं आधी आणि रस्ते नंतर.

इमारत खांबांवर उचललेली आणि खाली गाड्या उभ्या असतील, म्हणजे स्टिल्ट असेल, तर ती बहुधा १९७० नंतरची. उलट, स्टिल्ट दिसत नाही म्हणून ती जुनी, असं म्हणता येत नाही. अनेकांनी स्टिल्ट नंतर बंद करून दुकानं किंवा खोल्या काढल्या आहेत. खाली फक्त दुकानं आणि वरच्या मजल्यांवरच्या खांबांशी त्यांच्या भिंती जुळत नसल्या तर शंका घ्या.

पायरी दुसरी: भार कशावर आहे

या पायरीला घाई करू नका, सगळ्यात जास्त माहिती इथूनच मिळते.

खिडकीच्या बाजूला, चौकट भिंतीत किती आत बसली आहे ते बघा. तळमजल्यावर हात पोहोचत असेल तर विती लावून भिंतीची जाडी मोजा. दोन विती किंवा त्याहून जास्त भरली तर भिंतच भार पेलते आहे. दगड किंवा जाड विटा, चुन्यात बांधलेल्या. एक वीत भरली तर भार बहुतेक आरसीसीच्या खांब-तुळयांवर आहे आणि भिंत नुसती भरलेली आहे. वितीपेक्षाही कमी, सहा इंचांच्या आसपास भरली तर बांधकाम बरंच अलीकडचं.

मग कोपरा बघा. विटांची भार पेलणारी भिंत कोपऱ्यावर सगळ्यात मजबूत हवी, तिथे भोक पाडता येत नाही. आर्ट डेको इमारतीत नेमकी कोपऱ्यावरच खिडकी वळते, मध्ये खांबही नसतो, आणि वर पातळ छज्जा तरंगत असतो. हे आरसीसी असल्याशिवाय जमत नाही. गोल बाल्कनीचंही तसंच, ती भिंतीतून बाहेर आलेल्या काँक्रीटच्या पट्टीवर लटकलेली असते. नवख्याला ती सजावट वाटते. त्या काळच्या वास्तुविशारदाला मात्र नव्या साहित्याने काय करता येतं ते दाखवायचं होतं. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरची सूना महाल ही गजानन म्हात्रे यांनी केलेली १९३७ ची इमारत बघा. प्लॉट त्रिकोणी, टोकाला गोल वळण, आणि ते वळण मजल्यामागून मजला तसंच वर जातं. दगडात हे बांधायला गेलात तर कोपरा किल्ल्याच्या बुरुजासारखा जाड झाला असता आणि आतली अर्धी खोली भिंतीनेच खाल्ली असती.

पण काँक्रीट दिसलं म्हणजे इमारत नवी, हा समज काढून टाका. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या आहेत आणि त्या आरसीसीच्या आहेत. एकूण २०७ इमारती, ओव्हलच्या डेको रांगेपेक्षा जुन्या, आणि त्यांच्यावर नक्षीचा लवलेश नाही. त्यांचा पुनर्विकास सुरू आहे, त्यामुळे बघायच्या असतील तर उशीर करू नका.

लाकूड आणि आरसीसी यांच्या मधला एक टप्पा आहे, तो जिन्याखाली किंवा तळमजल्याच्या दुकानात मान वर केली की दिसतो. छताला लोखंडी गर्डर, दोन गर्डरांमध्ये दगडी लाद्या, आणि त्यांच्यावर चुन्याचा कोबा. याला लादीकोबा म्हणतात. गर्डरच्या पोटावर कारखान्याचं नाव ओतलेलं असेल तर फोटो काढा. इंग्लंड-स्कॉटलंडची नावं पूर्वीही आणि नंतरही सापडतात, पण टाटांचं नाव असेल तर गर्डर १९१२ च्या आधीचा नाही, कारण जमशेदपूरच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडायला त्याच साली सुरुवात झाली. असा पुरावा एकाच बाजूने बोलतो. इमारत कशाच्या आधीची नाही एवढं तो सांगतो, कशाच्या नंतरची नाही हे सांगत नाही.

छपराच्या कौलांबाबत एक सापळा आहे. मंगलोरी कौलावर 'बाझेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असं ओतलेलं सापडतं आणि लोक आनंदाने बंगला १८६५ चा म्हणून लिहून टाकतात. १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल त्यानंतर कधीही भाजलेलं असू शकतं. त्याच कारखान्यांच्या मालावर 'कॉमनवेल्थ ट्रस्ट' हे नाव असेल तर ते कौल पहिल्या महायुद्धानंतरचं. आणि कौलं दर काही वर्षांनी बदलली जातात, हे विसरू नका.

पायरी तिसरी: नियमांनी सोडलेल्या खुणा

मुंबईत इमारतीचा आकार वास्तुविशारदाइतकाच नियमपुस्तकाने ठरवला आहे. या पायरीत थोडी तारखांची घोकंपट्टी आहे, पण लक्षात ठेवायच्या तारखा फार नाहीत.

मरीन ड्राइव्हवर छतांची रेषा जवळजवळ एका पातळीत दिसते, कारण भरावाच्या जमिनीवर उंची आणि मोकळी जागा ठरवून दिलेली होती. त्या रेषेच्या वर कुठे एखादा मजला डोकावत असेल तर तो नंतर चढवलेला. खात्री करायची असेल तर जुन्या कठड्याची किंवा कॉर्निसची पट्टी शोधा. मूळ इमारतीत ती सगळ्यात वर असते, वाढीव मजला आला की ती मध्येच अडकून राहते. खिडक्यांची रुंदी आणि रेलिंगची नक्षीही त्या मजल्यावर बदललेली असते.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि भाडेकरूला घर सोडण्यात रस उरला नाही. म्हणूनच दादर, गिरगाव, माटुंग्यात इतक्या जुन्या इमारती मूळ रूपात, पण मोडकळीला आलेल्या दिसतात. त्या टिकल्या तेही याच कायद्यामुळे आणि कुजल्या तेही याच कायद्यामुळे, असं आमचं मत. यातूनच पुढे उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारती ही वर्गवारी आली, आणि वय ठरवायला ती फार कामाची आहे. 'अ' वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती, 'ब' वर्ग म्हणजे तेव्हापासून १९५० अखेरपर्यंतच्या, आणि 'क' वर्ग म्हणजे १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या. इमारतीत राहणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला 'तुमची इमारत कोणत्या वर्गात आहे?' असं विचारलं तर बहुतेकांना ते तोंडपाठ असतं. 'इमारत कधी बांधली?' या प्रश्नाला मात्र 'खूप जुनी आहे' एवढंच उत्तर मिळतं. ही वर्गवारी फक्त शहर भागात आहे. माहीमच्या किंवा शीवच्या पुढे हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

नंतरच्या काळातल्या काँक्रीटच्या इमारतींमध्ये एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येईल याचा नियम, वाचायला शिका. १९६० च्या दशकात हा नियम आला आणि तेव्हापासून, जे मोजलं जात नाही ते जास्तीत जास्त बांधायचं, हा खेळ सुरू झाला. बाल्कनीचं ठराविक क्षेत्रफळ मोजलं जात नसे, म्हणून प्रत्येक खोलीला बाल्कनी आली, आणि पुढे ती बंद करून खोलीत घेतली गेली. १९९१ च्या नियमावलीनंतरच्या इमारतींत खिडकीबाहेर काँक्रीटची फुलझाडांची पेटी दिसते, फ्लॉवर बेड. तिच्यात फुलझाडं क्वचितच असतात, बहुतेक वेळा ती आतल्या खोलीला जोडलेली असते. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला, बाल्कनी आणि फ्लॉवर बेडही मोजले जाऊ लागले आणि त्याबदल्यात हवा तसा वापरता येणारा जादा, म्हणजे फंजिबल एफएसआय दिला गेला. त्यामुळे मजल्यामजल्याला फ्लॉवर बेडच्या ओळी असलेली इमारत दिसली, तर तिचा नकाशा साधारण १९९१ ते २०१२ या काळात मंजूर झालेला असणार. तारीख नकाशाच्या मंजुरीची धरायची, बांधकाम त्यानंतर दोन-चार वर्षं रेंगाळलेलं असू शकतं.

पायरी चौथी: पाट्या

फाटकावरची सोसायटीची पाटी वाचा. नोंदणी क्रमांकाच्या शेवटी साल असतं. सुरुवातीला 'बीओएम' अशी अक्षरं असतील तर नोंदणी जुनी, 'एमयूएम' असतील तर १९९५ साली शहराचं नाव बदलल्यानंतरची. मात्र हे साल सोसायटीचं आहे, इमारतीचं नाही. भाडेकरूंनी इमारत विकत घेऊन सोसायटी केली असेल तर नोंदणी इमारतीपेक्षा तीस-चाळीस वर्षांनी तरुण निघते. पुनर्विकास झाला असेल तर उलटा घोटाळा: पाटीवर १९६८ आणि पाटीमागे पंधरा वर्षांचा काचेचा टॉवर.

पत्त्यातही काळ लपलेला असतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी 'मुंबई १४', 'मुंबई २८' असं लिहायचे, आणि तेच आकडे पुढे ४०००१४, ४०००२८ असे शेवटी आले. जिन्याखालच्या लाकडी टपालपेटीवर नुसता 'बॉम्बे १४' दिसला तर पेटी बहुधा १९७२ च्या आधीची, पण सवयीने तसं लिहिणारे नंतरही होते, म्हणून हा पुरावा हलका धरा.

दर्शनी भागावर उठावाच्या अक्षरात साल असेल तर आधी ते कोणत्या गणनेतलं आहे ते ठरवा. गिरगाव, काळबादेवी, दादर इथे शके आणि संवत दोन्ही सापडतात. शकात ७८ मिळवा: शके १८५७ म्हणजे १९३५. संवतातून ५७ वजा करा: संवत १९९२ म्हणजेही १९३५, किंवा जानेवारीनंतरची तारीख असेल तर १९३६. पारशी इमारतींवर यझ्दगर्दी साल असू शकतं, त्यात ६३० किंवा ६३१ मिळवावे लागतात. दुसरं म्हणजे ते साल कशाचं आहे ते बघा. पायाभरणीचं, पूर्ण झाल्याचं, की ज्या ट्रस्टने इमारत बांधली तो स्थापन झाल्याचं? साल दगडी फलकावर असेल आणि फलकाभोवतीचा गिलावा वेगळ्या पोताचा असेल, तर तो फलक दुसरीकडून आणून बसवलेलाही असू शकतो.

पायरी पाचवी: आता नक्षी

इथपर्यंत आल्यावर नक्षी बघा, ती आता बरोबर जागी बसते. मुंबईच्या डेकोत कठड्यावरचे उगवत्या सूर्याचे किरण, जहाजासारखी गोल खिडकी, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारा मनोरा, भिंतीवरून धावणाऱ्या तीन समांतर रेषा आणि इमारतीच्या नावाची सरळ, भौमितिक अक्षरं सापडतात. १९३८ चं इरॉस चित्रपटगृह याचं ठळक उदाहरण आहे: मनोऱ्याची पायऱ्यांची चढण आणि काही भागाला लाल दगड. १९३३ चं रीगल त्याहून पाच वर्षं आधीचं. विमा कंपन्यांच्या फोर्टातल्या कचेऱ्यांवर मात्र उभ्या पट्ट्या आणि भिंतीवर कोरलेली शेतकरी-कामगारांची चित्रं जास्त, कारण त्यांना भारदस्त दिसायचं होतं. घरांना आडव्या रेषा आणि कचेऱ्यांना उभ्या, हा ढोबळ फरक बऱ्याचदा लागू पडतो.

डेको इमारतीचे मूळ छज्जे पातळ असतात आणि कडेला खालच्या बाजूने एक बारीक खाच असते, पाणी भिंतीकडे न येता तिथूनच टपकावं म्हणून. दुरुस्ती करणारा गवंडी ती खाच बुजवतो आणि छज्जा जाड करतो. मग पाणी भिंतीवरून ओघळतं आणि काळे पट्टे उतरतात. छज्जाच्या पोटावर तांबूस डाग, तडे आणि उघडी पडलेली सळई दिसली तर आतलं लोखंड गंजून फुगलं आहे. समुद्राकडच्या बाजूला हे लवकर होतं, कारण खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये शिरतं. अशा छज्जाखाली उभं राहून फोटो काढू नका, तुकडे खाली येतात.

जिन्यात जायचं तर आधी वॉचमनला किंवा सेक्रेटरीला विचारा. परवानगी मिळाली तर पायाखाली बघा. रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरशा, वळणदार सागवानी कठडा आणि प्रवेशाशी जमिनीत कोरलेलं इमारतीचं नाव, हे १९३० ते ५० च्या काळाचं. भारत टाइल्सने १९२२ साली अशा फरशा इथेच करायला सुरुवात केली, त्याआधी त्या परदेशातून येत. ठिपक्यांची मोझॅक लादी आणि कोटा दगडाच्या पायऱ्या साठ-सत्तरच्या दशकाकडे बोट दाखवतात, चकचकीत ग्रॅनाइट त्याच्याही नंतर.

एक उदाहरण सोडवून

समजा हिंदू कॉलनीत गल्लीच्या कोपऱ्यावर तळमजला आणि चार मजल्यांची इमारत आहे. पाटीवर नोंदणीचं साल १९७८. बघणारा लगेच 'सत्तरच्या दशकातली' असं म्हणेल.

आता पायऱ्या लावा. दर्शनी भिंत शेजारच्या इमारतींच्या ओळीत आहे, स्टिल्ट नाही. तळमजल्यावर भिंत एक वीत भरते, म्हणजे आरसीसीचा सांगाडा. तिसऱ्या मजल्यापर्यंत कोपऱ्यावर गोल बाल्कनी आहे, रेलिंग आडव्या लोखंडी पट्ट्यांची. चौथ्या मजल्यावर कोपरा काटकोनी आणि खिडक्या ॲल्युमिनियमच्या. तिसऱ्या मजल्याच्या माथ्यावर एक कॉर्निस मध्येच अडकलेली आहे. जिन्यात रंगीत सिमेंट फरशी तिसऱ्या मजल्याच्या ओट्यापर्यंत आहे, त्यापुढे कोटा. टपालपेट्यांपैकी दोनांवर 'बॉम्बे १४'. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना विचारलं तर ते म्हणतात, 'आमची अ वर्गात येते.'

निष्कर्ष असा लिहायचा: मूळ इमारत तळमजला अधिक तीन, १९३० च्या दशकात बांधलेली, १९४० च्या सप्टेंबरच्या आधीच. चौथा मजला नंतरचा. १९७८ साली भाडेकरूंची सोसायटी झाली. पाटीवरच्या सालाला इथे फक्त मालकीच्या इतिहासात जागा आहे. तीन वेगवेगळ्या जातीचे पुरावे, म्हणजे सांगाडा, नियम आणि लिखाण, एकाच दशकाकडे बोट दाखवतात, म्हणून आपण ते दशक मान्य करतो. फक्त गोल बाल्कनी असती तर केलं नसतं.

फोटो कुठल्या शहराचा

नुसता फोटो समोर असेल आणि शहर ओळखायचं असेल, तर जोतं आणि आवाराची भिंत मोठी करून बघा. नक्षी लांबून येते, दगड सहसा जवळचा असतो. काळा बसाल्ट असेल तर मुंबई, पुणे आणि देश; मुंबईत त्याच्या जोडीला मालाडचा पिवळसर दगड किंवा पोरबंदरचा पांढरट दगड दिसतो. तांबडा, छिद्राळ जांभा असेल तर रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोवा. खिडकीत काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोन आणि दारापुढे दोन्ही बाजूंना बसायला ओटे असलेला बाल्कांव दिसला की गोवाच. हिरव्या लाकडी खडखड्या रांगेने असतील तर कोलकात्याचा विचार करा.

पुण्याचा बंगला मुंबईच्या बंगल्यासारखा वाचू नका. कॅम्प आणि खडकीचे बंगले लष्कराच्या आखणीतले, मोठ्या आवारात, कौलारू छपराखाली. डेक्कन जिमखाना आणि प्रभात रस्त्यावरचे बंगले मध्यमवर्गीयांनी स्वतः राहण्यासाठी बांधलेले, प्लॉट लहान, बऱ्याचदा आरसीसीचे, गोल कोपरे आणि दारावर घराचं नाव असलेले. नदीकाठच्या पेठांमध्ये जुन्या वाड्यांच्या मध्येच एकदम काँक्रीटच्या इमारती लागल्या तर १२ जुलै १९६१ आठवा. पानशेत फुटलं त्या दिवशी हे वाडे मोठ्या संख्येने पडले आणि त्या जागी नवं बांधकाम आलं. सहकारनगर, गोखलेनगरसारख्या वसाहतीही पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. पुण्यात पूररेषेच्या आत आणि बाहेर इमारतींचं वय बदलतं, त्यामुळे फोटोसोबत जागा नदीपासून किती दूर आहे हेही टिपून ठेवा.

कागदावर पडताळणी

शेवटी एक-दोन कागद बघा. नगर भूमापनाचं मालमत्ता पत्रक जमिनीचा इतिहास देतं: कुणाकडून कुणाकडे गेली, भाडेपट्टा कधीचा. त्यातली जुनी तारीख इमारतीची समजू नका, प्लॉट १९१० च्या दशकातला आणि इमारत पंचवीस वर्षांनंतरची, असं दादरला सर्रास आहे. महापालिकेच्या वारसा यादीत इमारत असेल तर तिची श्रेणी कळते: एक, दोन-अ, दोन-ब किंवा तीन. ही नियमावली १९९५ पासूनची आहे.

वहीत प्रत्येक इमारतीसाठी एकच साल न लिहिता 'याच्या आधीची नाही' आणि 'याच्या नंतरची नाही' असे दोन रकाने करा आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कशावरून काढला ते दोन शब्दांत लिहा: 'टाटा गर्डर', 'अ वर्ग', 'शके १८५७'. पुढच्या खेपेला नवा पुरावा मिळाला की दोन रकान्यांमधलं अंतर कमी करत जायचं.